सहाव्या मिनिटाला वाटलेल्या पट्ट्या

पाचवीचा वर्ग, ४८ मुलं, ३५ मिनिटांचा तास आणि विषय सममूल्य अपूर्णांक. बी.एड. करणारी एक छात्राध्यापिका पहिल्यांदाच पूर्ण वर्गासमोर उभी होती. टाचण नेटकं होतं, रंगीत कागदाच्या पट्ट्याही आदल्या रात्री कापून ठेवलेल्या. तरीही पंधराव्या मिनिटाला वर्गात विमानं उडत होती, मागच्या बाकांवर दोघांची ओढाओढ चालली होती आणि तिचा आवाज बसला होता.

संध्याकाळी चिंतन नोंदवहीत तिने लिहिलं, 'मुलं ऐकतच नव्हती. वर्ग फार दंगेखोर आहे. पुढच्या वेळी मी अधिक कडक राहीन.'

जवळपास प्रत्येक नवा शिक्षक पहिल्या दिवशी असंच लिहितो, आणि त्याचा त्याला काडीचाही उपयोग होत नाही. या तीन वाक्यांत एकही घटना नाही. त्यात मुलांवरचा शेरा आहे आणि स्वतःला दिलेली तंबी आहे. पुढच्या तासाला वर्गात शिरल्यावर नेमकं काय वेगळं करायचं, हे ही नोंद सांगत नाही.

तिच्या मार्गदर्शक बाईंनी वही परत केली आणि सोबत आपला निरीक्षण तक्ता दिला. मागच्या बाकावर बसून त्यांनी त्यात फक्त वेळ आणि घटना टिपल्या होत्या. 'गोंधळ कितव्या मिनिटाला सुरू झाला, तेवढं शोधून लिही,' एवढंच त्या म्हणाल्या.

दुसरी नोंद त्यामुळे वेगळी उतरली. सहाव्या मिनिटाला तिने पट्ट्या वाटायला सुरुवात केली, एकेका बाकापाशी जाऊन, स्वतःच्या हाताने. आठव्या मिनिटाला पहिल्या रांगेने पट्ट्या दुमडूनही टाकल्या, कारण काय करायचं ते अजून कुणी सांगितलंच नव्हतं. अकराव्या मिनिटाला शेवटच्या बाकावर पट्टी पोहोचली. ही पाच मिनिटं तिची पाठ निम्म्या वर्गाकडे होती. सूचना दिली ती बाराव्या मिनिटाला, कलकलाटावर आवाज चढवून. मग तिने मागच्या एका मुलाला नावाने उभं करून रागावलं. तेवढा वेळ उरलेली ४७ मुलं रिकामी बसली.

विमानं म्हणजे दंगा नव्हताच. पाच मिनिटं हातात कागद आणि डोक्यात काही काम नाही, अशा दहा वर्षांच्या मुलाने दुसरं काय करावं?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी नेमकं हेच पाहिलं होतं. एकदा त्यांनी आपल्या वर्गात वर्तमानपत्र वाचणाऱ्या विद्यार्थ्याला फटकारलं, तर आजूबाजूचे गप्प असलेले विद्यार्थीही सावरून बसले. एकाला बोलल्याचा इतरांवर काय परिणाम होतो, या कुतूहलातून त्यांनी पुढे अनेक वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला. १९७० साली त्यांचं पुस्तक आलं. निष्कर्ष त्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. गोंधळ झाल्यावर शिक्षक कसा रागावतो, यावरून शांत वर्ग आणि विस्कटलेला वर्ग यांतला फरक सांगता येत नव्हता. फरक होता तो आधीच्या वागण्यात. चांगल्या शिक्षकाला जणू पाठीलाही डोळे असत, मुलांना ते जाणवत असे, आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वर्ग खोळंबत नसे. म्हणूनच 'अधिक कडक राहीन' हा तिचा संकल्प चुकीच्या जागी औषध लावण्यासारखा होता.

नोंदीच्या शेवटी तिने एकच बदल लिहिला: सूचना आधी, साहित्य नंतर. प्रत्येक रांगेचा गठ्ठा पहिल्या बाकावर ठेवायचा, मुलांनी तो मागे सरकवायचा, आणि आपण सगळे दिसतील अशा कोपऱ्यात उभं राहायचं. एकाच वेळी दहा सुधारणा करू पाहणाऱ्याला कशामुळे काय घडलं ते कळत नाही, म्हणून एकच बदल पुरे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. शिकवणाऱ्याला स्वतःचा तास नीट आठवत नाही. तिला अकरावं मिनिट आठवलं ते तक्ता समोर होता म्हणूनच. निरीक्षक नसेल, तर तास सुटताच खडूचे हात झटकण्याआधी चार वेळा तरी टिपून घ्याव्या लागतात. रात्रीपर्यंत मनात फक्त लाज आणि राग उरतो. शिवाय मागच्या बाकावरच्या त्या मुलाला फळा दिसतो का, त्याने डबा खाल्ला होता का, हे कुठल्याही तक्त्यात येत नाही. ते त्यालाच विचारावं लागतं. तिने विचारलं, तेव्हा कळलं की त्याला पट्टी मिळालीच नव्हती. ओढाओढ शेजाऱ्याच्या पट्टीवरून झाली होती.

चार दिवसांनी त्याच वर्गावर तिचा दुसरा पाठ झाला. पट्ट्या दीड मिनिटात सगळ्यांकडे पोहोचल्या आणि एकही विमान उडालं नाही. पण विसाव्या मिनिटाला, काम लवकर संपवलेली सात-आठ मुलं पट्ट्यांनी एकमेकांना टोचू लागली. तिसरी नोंद तिने त्याच मिनिटापासून सुरू केली.