मेंढी ओळखू येते, माणूस नाही

1947 मध्ये योआकिम बोडामर या जर्मन मेंदूतज्ज्ञाने एक लांबलचक निबंध छापला. त्यात तीन रुग्णांच्या हकिकती होत्या आणि सगळ्यांत तपशिलाने आली होती ती डोक्याला गोळी लागलेल्या एका तरुण सैनिकाची. बोडामरने त्याला ‘एस’ म्हटले आहे. समोरच्या माणसाचे डोळे, नाक, तोंड एसला स्वच्छ दिसायचे, विचारले तर तो एकेक दाखवूनही द्यायचा. पण हे सगळे मिळून कोणाचा चेहरा झाला, ते त्याला कळत नसे. सगळे चेहरे त्याला सपाट, पांढरट आणि गडद डोळ्यांचे दिसत. आरशातला स्वतःचा चेहराही त्याला परका होता. लांब केसांच्या कुत्र्याचे चित्र दाखवले, तर हा विचित्र केसांचा माणूस आहे असे त्याने सांगितले. खोलीतल्या वस्तू मात्र तो बऱ्यापैकी ओळखत होता.

अशा हकिकती आधीही नोंदल्या गेल्या होत्या. पॅरिसमध्ये शार्कोने 1883 साली ज्या रुग्णाचे वर्णन केले, तो आरशातल्या स्वतःलाच परका माणूस समजला होता. पण बोडामरने या दोषाला ‘प्रोसोपॅग्नोशिया’ हे स्वतंत्र नाव दिले आणि एक ठाम दावा केला. चेहरा ओळखता न येणे हा वस्तू न ओळखण्याचा एक प्रकार नसून वेगळा दोष आहे, असे त्याचे म्हणणे होते. हा दावा मान्य व्हायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. तो मान्य झाला तो दोन-चार माणसांमुळे. त्यांची नावे जाहीर झालेली नाहीत, वैद्यकीय साहित्यात ती फक्त आद्याक्षरांनी ओळखली जातात.

वस्तू न ओळखण्याचा विकार त्याआधी चांगला परिचित होता. लिसाउअर या जर्मन डॉक्टरने 1890 मध्ये त्याचे दोन टप्पे सांगितले होते. एका प्रकारात डोळ्यांनी टिपलेल्या रेषांमधून आकारच उभा राहत नाही. दुसऱ्यात आकार उभा राहतो, पण त्याचा अर्थ लागत नाही. असा रुग्ण किल्लीचे चित्र बघून हुबेहूब काढतो आणि हे काय आहे म्हणून विचारले की गप्प बसतो. तीच किल्ली हातात दिली, की चाचपून लगेच नाव सांगतो. म्हणजे डोळे शाबूत, स्मरण शाबूत, भाषाही शाबूत. तुटलेली असते ती डोळ्यांकडून अर्थाकडे जाणारी वाट.

ही वाट मेंदूच्या तळाशी आहे. डोक्याच्या मागचा ऑक्सिपिटल भाग आणि कानाच्या बाजूचा टेम्पोरल भाग जिथे एकमेकांना मिळतात, तिथे मेंदूच्या पृष्ठभागावर एक लांबट घडी असते. तिला फ्युजिफॉर्म म्हणतात. या पट्ट्याला रक्त पुरवणारी धमनी तुंबली, डोक्याला जबर मार बसला किंवा मेंदूला सूज आली, की इथे इजा होते. इजा कधी आखीव जागेपुरती होत नाही, आणि बोडामरच्या दाव्याची खरी अडचण तीच होती. चेहरे हरवलेल्या रुग्णांचे बहुधा रंगही गेलेले असतात, दृष्टीचा एक कोपरा गेलेला असतो, ओळखीचे रस्तेही चुकतात. अशा माणसाची ‘फक्त चेहऱ्यांची’ ओळख गेली आहे असे कसे म्हणायचे?

साठच्या दशकात शंका आणखी वाढली. पक्षिनिरीक्षणाची सवय असलेल्या एका बाईंना चेहऱ्यांबरोबर पक्षीही ओळखू येईनासे झाले होते. एका शेतकऱ्याला स्वतःच्या गाई एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नव्हत्या. 1982 मध्ये दमासिओ दाम्पत्य आणि व्हॅन होसेन यांनी यातून सरळ निष्कर्ष काढला. रुग्णाला ‘ही मोटार आहे’ हे कळते, ‘ही माझी मोटार आहे’ हे कळत नाही. अडचण चेहऱ्याची नाही, एकसारख्या दिसणाऱ्या गोष्टींमधली नेमकी एक निवडण्याची आहे. जगातले सगळे चेहरे म्हणजे दोन डोळे, एक नाक, एक तोंड, तेही ठरल्या जागी. एवढे बारीक फरक टिपण्याचे काम आपल्याला दुसरीकडे कुठे करावे लागत नाही, म्हणून दुबळ्या झालेल्या मेंदूत आधी तेच कोसळते. हा युक्तिवाद भक्कम होता आणि बऱ्याच जणांना पटलाही.

त्याला उत्तर मिळाले ते मेंढ्यांच्या कळपातून.

1993 मध्ये लंडनच्या जेन मॅकनील आणि एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी ‘डब्ल्यू. जे.’ या गृहस्थांची हकिकत प्रसिद्ध केली. पक्षाघाताच्या झटक्यांनंतर त्यांना माणसांचे चेहरे ओळखू येत नव्हते. आजारपणानंतर त्यांनी छत्तीस मेंढ्या पाळायला घेतल्या, आणि हळूहळू त्यांना एकेक मेंढी तोंडावरून ओळखू येऊ लागली. दोघींनी मेंढ्यांच्या तोंडांचे फोटो घेऊन त्यांची रीतसर परीक्षा घेतली आणि मेंढपाळीत मुरलेल्या माणसांशी तुलना केली. मेंढ्यांच्या बाबतीत डब्ल्यू. जे. त्यांच्या तोडीस तोड ठरले. माणसांच्या चेहऱ्यांवर मात्र ते साफ अडखळले.

एकसारख्या गोष्टींत फरक करणे एवढीच अडचण असती, तर मेंढ्या त्यांना माणसांपेक्षा अवघड जायला हव्या होत्या. शिवाय हे ज्ञान इजेनंतर कमावलेले होते. जुन्या, घट्ट बसलेल्या आठवणींच्या जोरावर ते मेंढ्या ओळखत होते, असेही म्हणता येत नव्हते.

तरी अर्धी बाजू उरलीच होती. एक काम गेले आणि दुसरे राहिले, एवढ्याने दोन कामे वेगळी ठरत नाहीत. पहिले फक्त जास्त अवघड असू शकते. खरा निवाडा व्हायचा तर उलटा रुग्ण हवा होता, वस्तू गेलेल्या आणि चेहरे राहिलेले असा. तो कॅनडात सापडला.

‘सी. के.’ यांना 1988 मध्ये धावायला गेले असताना गाडीने धडक दिली. त्यानंतर त्यांना वस्तू ओळखू येईनात आणि वाचताही येईना. डार्टचा बाण त्यांना पिसांचा झाडू वाटला, टेनिसची रॅकेट तलवारबाजीचा मुखवटा वाटली. शतावरीचा कोंब त्यांना गुलाबाची काटेरी फांदी वाटला. यातला प्रत्येक अंदाज वेडावाकडा नाही, हे बघण्यासारखे आहे. जाळी दिसली म्हणून मुखवटा, टोके दिसली म्हणून काटे. सुटे भाग दिसत होते, त्यांची जुळणी होत नव्हती. आठवणीतून ते चित्र छान काढायचे आणि नंतर तेच चित्र त्यांना ओळखता यायचे नाही.

चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र त्यांच्यात काही बिघडले नव्हते. मॉरिस मॉस्कोविच, गॉर्डन विनोकर आणि मार्लीन बेरमन यांनी त्यांच्यावर एकोणीस प्रयोग केले आणि ते 1997 मध्ये छापले. प्रसिद्ध माणसे, वेषांतर केलेली माणसे, व्यंगचित्रे, सगळ्यांत सी. के. निरोगी माणसांच्या बरोबरीने राहिले. त्यांच्यासमोर आर्चिम्बोल्दो या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराची चित्रे ठेवली गेली. या चित्रांत फळे आणि भाज्या रचून माणसाचे डोके उभे केलेले असते. सी. के. यांना चेहरा तत्काळ दिसला. तो कशाचा बनला आहे, हे मात्र त्यांना सांगता येईना.

या एकोणीस प्रयोगांपैकी सगळ्यात जास्त शिकवणारा प्रयोग साधा होता. चेहरा उलटा करून दाखवायचा. उलटा चेहरा ओळखणे सगळ्यांनाच जड जाते, आणि घर किंवा विमान उलटे केल्यावर होणाऱ्या गोंधळापेक्षा हा गोंधळ बराच मोठा असतो, हे रॉबर्ट यिन यांनी 1969 मध्येच दाखवले होते. सी. के. यांची घसरण त्याहूनही कितीतरी मोठी निघाली. चेहऱ्याचे तुकडे वेगवेगळे करून दाखवले तेव्हाही तसेच झाले. यावरून मला वाटते, बोडामरने ज्याला ‘चेहरा’ म्हटले ती खरे तर बघण्याची एक रीत आहे. सरळ चेहऱ्याकडे आपण डोळे, नाक, तोंड आणि त्यांच्यातली अंतरे एकाच नजरेत, एकत्र घेतो. चेहरा उलटा झाला की ही रीत लागू पडत नाही आणि भाग जोडत बसावे लागते. सी. के. यांच्याकडे पहिली रीत शाबूत होती, दुसरी गेली होती. डब्ल्यू. जे. यांच्या बाबतीत पहिली गेली होती.

सी. के. यांच्या छंदातून आणखी एक गोष्ट हाती लागली. त्यांना खेळण्यातल्या सैनिकांचा मोठा संग्रह करण्याचा नाद होता आणि विमानांचीही चांगली जाण होती. अपघातानंतर हे दोन्ही गेले. त्याच सुमारास अमेरिकेत इझाबेल गोतिए वेगळी बाजू मांडत होत्या. नॅन्सी कॅनविशर यांनी 1997 मध्ये एमआरआयमध्ये दाखवलेली फ्युजिफॉर्ममधली जागा फक्त चेहऱ्यांची नाही, सरावाने मुरलेल्या कोणत्याही कौशल्याची आहे, असे गोतिए यांचे म्हणणे होते. सराव हाच मुद्दा असता, तर सी. के. यांची सैनिकांची जाण चेहऱ्यांबरोबर टिकायला हवी होती. वादाचा पूर्ण शेवट अजून झालेला नाही, पण या एका माणसाच्या हकिकतीने गोतिए यांच्या बाजूचे पारडे हलके केले, यात शंका नाही.

या सगळ्यानंतर शुद्ध रुग्ण कसा दिसतो ते बघायचे, तर ब्रुनो रोसियाँ यांच्या गटाने वर्षानुवर्षे तपासलेल्या ‘पी. एस.’ या बाईंकडे बघावे. 1992 मध्ये लंडनमध्ये बसची धडक बसून त्यांच्या डोक्याला इजा झाली. वस्तू त्यांना बिनचूक ओळखता येतात. त्या बालवाडीत शिकवत होत्या, आणि वर्गातली मुले चेहऱ्यावरून कळत नसल्याने त्यांना दुसरे आधार शोधावे लागले. त्यांची नजर कुठे जाते हे तपासल्यावर दिसले, की निरोगी माणूस डोळ्यांवर जास्त भिस्त ठेवतो, तर त्या तोंड आणि चेहऱ्याची कडा यांच्यावर भागवतात. म्हणजे त्या चेहराही भाग जुळवून वाचतात.

इजेची जागाही विचार करायला लावणारी आहे. त्यांच्या उजव्या मेंदूतली फ्युजिफॉर्मची जागा शाबूत आहे आणि एमआरआयमध्ये चेहरा बघताना ती उजळतेही. तुटले आहे ते तिच्या मागचे, ऑक्सिपिटल भागातले ठिकाण. त्यामुळे चेहरा ओळखणे एका ठिपक्यात बसलेले नसून साखळीने चालते, असे मानावे लागते.

रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांपुढे मात्र पेच वेगळा असतो. नातेवाईक सांगतात, ‘आता आम्हालाही ओळखत नाहीत,’ आणि तेवढ्यावर अंदाज बांधता येत नाही. पहिली पायरी आवाजाची. माणूस बोलल्यावर ओळख पटत असेल, तर बिघाड चेहऱ्याचा. आवाज ऐकूनही पटत नसेल, तर त्या माणसाचीच आठवण गेली असण्याची शक्यता असते, आणि तो वेगळा आजार आहे. मग वस्तू दाखवून विचारायचे, न जमल्यास हातात द्यायची. मग केस, चष्मा, दाढी झाकलेले फोटो दाखवायचे, कारण हे रुग्ण त्याच खुणांवर दिवस काढत असतात.

इथे एक जुनी, मानाची चाचणी फसवी ठरली होती. बेंटनच्या चाचणीत एक चेहरा दाखवून तसाच चेहरा समोरच्या रांगेतून निवडायला सांगतात, वेळेची मर्यादा नसते. ब्रॅड डुशेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2003 मध्ये यातले चेहरे झाकून फक्त भुवया आणि केसांची कड उघडी ठेवली, तरी लोकांचे गुण सामान्य येत होते. म्हणजे भुवया जुळवत पुढे जाणारा रुग्ण शांतपणे उत्तीर्ण होऊ शकत होता. 2006 मध्ये डुशेन आणि केन नाकायामा यांनी नवी चाचणी बनवली. तिच्यात चेहरे आधी लक्षात ठेवावे लागतात, नंतर कोन आणि प्रकाश बदलतो, फोटो धूसर केले जातात, म्हणजे भुवयांचा आधार तुटतो. बेंटनच्या चाचणीतून निसटणारे रुग्ण या चाचणीत सापडू लागले. उत्तर बरोबर आले, तरी ते यायला किती वेळ लागला हेही आता तपासणारे टिपून ठेवतात.