फँटसी लीगमधली शिक्षा रविवारी रात्री का देऊ नये?

आमची एक फँटसी प्रीमियर लीग आहे. दहा जण, अर्धे नांदेडचे, अर्धे लातूरला क्लासेससाठी गेलेले. क्रिकेट सोडून फुटबॉल का, असं सगळे विचारतात. कारण सोपं आहे, हा सीझन ऑगस्ट ते मे असा 38 गेमवीक चालतो आणि खेळ पूर्ण फुकट आहे. पैसे लावून खेळायच्या स्पर्धा तर 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर बंदच झाल्या. मग ग्रुपमध्ये मजा कशाची? एकमेकांना टोमणे मारायची आणि शेवटच्याला शिक्षा द्यायची.

पहिल्या सीझनला आम्ही एकच शिक्षा ठेवली होती, मे महिन्यात जो शेवटी राहील त्याला. दिवाळीपर्यंत तिघे जण इतके मागे पडले की त्यांनी टीम बघणंच सोडलं. जखमी खेळाडू तसेच टीममध्ये, कॅप्टन तोच, ग्रुपवर चिडीचूप. म्हणून आता शिक्षा दर आठवड्याची आहे. एकूण गुण कितीही असोत, त्या आठवड्यात ज्याचे सगळ्यात कमी, तो पकडला जातो. त्यामुळे पहिल्या नंबरवालाही घाबरून असतो आणि दहाव्या नंबरवाल्याला दुसऱ्याची खेचायची संधी मिळते. लीगचा तक्ता महिन्यानुसारही बघता येतो, त्यावरून आम्ही महिन्याची थोडी मोठी शिक्षा ठरवतो.

आता माझी फजिती ऐका. एका रविवारी रात्री माझे 34 गुण होते आणि लातूरच्या एका मित्राचे 31. सामने संपलेले. मी लगेच ग्रुपवर टाकलं, ‘काय लेका, कॅप्टन निवडला का बसायला पाहुणा बोलावला?’ त्याचा कॅप्टन एक मिनिटही खेळला नव्हता. बिचाऱ्याने मुकाट्याने शिक्षा भोगली, डीपीला त्याच्या नावडत्या क्लबचा लोगो लावला. पण कॅप्टन मैदानात उतरलाच नाही तर व्हाइस कॅप्टनचे गुण दुप्पट होतात आणि बाकावरचा खेळाडू आपोआप आत येतो. हा हिशोब आठवड्याचे सगळे सामने संपल्यावरच होतो. त्याच्या व्हाइस कॅप्टनचे 7 होते, ते 14 झाले. बाकावरच्याचे 2 आले. 31 अधिक 7 अधिक 2, म्हणजे 40. शेवटचा कोण? मी! पुढचे आठ दिवस मला कुणी सोडलं नाही.

तेव्हापासून गुण पक्के झाल्याशिवाय आम्ही निकाल देत नाही. जादा ट्रान्सफर केल्यावर जे 4 गुण कापले जातात, ते शिक्षेसाठी धरायचे की नाही, हेही सीझनआधीच ठरवून ग्रुपमध्ये पिन करा. नाहीतर अर्धा आठवडा त्याच भांडणात जातो. आम्ही धरतो.

शिक्षा कशी असावी? आमच्याकडे चालणारी सगळ्यात भारी शिक्षा म्हणजे बातम्या देणाऱ्याच्या आवाजात स्वतःच्या पराभवाची व्हॉइस नोट. दुसरी, विजेता ठरवेल ते टीमचं नाव. इथे एक सांभाळा, टीमचं नाव तुम्ही ज्या ज्या लीगमध्ये आहात तिथे सगळीकडे दिसतं. आमच्यातल्या एकाचं नाव त्याच्या मामाच्या ऑफिसच्या लीगमध्येही झळकलं होतं. स्टेटस ठेवायचं असेल तर ते 24 तासांनी आपोआप जातं, आणि प्रायव्हसीमध्ये Only share with… निवडलं की फक्त ग्रुपवाल्यांनाच दिसतं. पार्टी मागू नका. हॉस्टेलवरच्या पोराला दहा जणांची बिर्याणी म्हणजे पैसे लावल्यासारखंच झालं. चहा ठीक आहे.

टोमण्यांचं मात्र एकदा जड गेलं. नांदेड-लातूर म्हटल्यावर गावावरून खेचाखेची होणारच. विभागीय आयुक्तालय कुणाकडे हवं, यावरूनही आमच्यात जुंपते. पण एकाने लिहिलं, ‘तुझ्या टीमला गुण पण मिरजेहून रेल्वेने आणावे लागतील.’ एप्रिल 2016 मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, त्यावरचा हा जोक. आम्ही हसलो. लातूरचा एक जण न बोलता ग्रुपमधून बाहेर पडला. मी फोन केला तेव्हा म्हणाला, ‘त्या उन्हाळ्यात मी घागर घेऊन रात्री टँकरच्या लायनीत उभा राहायचो. आईची कंबर तेव्हाच गेली. माझ्या कॅप्टनवर बोल की, किती बोलायचं ते.’

जोक टाकणाऱ्याने ग्रुपवर नाही, त्याला फोन करून माफी मागितली. तो दोन आठवड्यांनी परत आला. आता पिन केलेल्या मेसेजमध्ये त्याचंच वाक्य नियम म्हणून आहे: कॅप्टन, ट्रान्सफर, बाकावर सोडलेले गुण यांवर काहीही बोला, घर आणि पाणी सोडून. परत आल्या आठवड्यातच तो शेवटचा आला. व्हॉइस नोट अजून माझ्याकडे आहे, पण ती फॉरवर्ड करायची परवानगी नाही.