जातीची सरासरी 2.9

एका काल्पनिक वस्तीत दहा घरं आहेत: दोन अनुसूचित जमातीची, तीन अनुसूचित जातीची, चार इतर मागास वर्गाची आणि एक यांपैकी कशातही न मोडणारं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या पद्धतीनं या गटांना अनुक्रमे 1, 2, 3 आणि 9 असे संकेतांक दिले, तर वस्तीची ‘सरासरी जात’ 2.9 येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अनुसूचित जातीला 1, जमातीला 2, इतर मागास वर्गाला 3 आणि उरलेल्यांना 4 लिहितात. ते वापरले की तीच वस्ती 2.3 वर येते. घरं तीच, माणसं तीच. संगणक मात्र दोन्ही आकडे बिनतक्रार छापतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी 1946 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मापनाच्या चार पातळ्या मांडल्या, त्यामागची कसोटी हीच होती. आकडे कोणत्या प्रकारे बदलले तरी माहितीला धक्का लागत नाही? नामनिर्देशक पातळीवर कुठल्याही गटाला कुठलाही वेगळा आकडा चालतो. क्रमदर्शक पातळीवर फक्त क्रम राखायचा. अंतराल पातळीवर फरकांना अर्थ असतो, पण शून्य सोयीनं ठरवलेलं असतं. इसवी सन 1947 म्हणजे शके 1869. दोन घटनांमधली वर्षं दोन्ही गणनांत तेवढीच भरतात, पण एक साल दुसऱ्याच्या किती पट, हा प्रश्नच निरर्थक. गुणोत्तर पातळीवर शून्य खरं असतं, म्हणून ‘दुप्पट’ म्हणता येतं.

जात नामनिर्देशक धरायची म्हटलं की हमखास आक्षेप येतो: जातिव्यवस्था तर उतरंडच आहे, डॉ. आंबेडकरांनीच तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं आहे; मग क्रम का नको? आक्षेप वजनदार आहे. पण एम. एन. श्रीनिवास यांनी दाखवलं त्याप्रमाणे मधल्या जातींचा क्रम खुद्द गावातच वादाचा असतो. शिवाय वरचे चार गट ही प्रशासकीय वर्गवारी आहे, एकेका गटात असंख्य जाती सामावलेल्या. उतरंडच मोजायची असेल, तर पाणवठा, देऊळ, घरातला प्रवेश यांबद्दल वेगळे प्रश्न विचारावेत. संकेतांकात ती शोधू नये. विश्लेषणात जातीचा एक स्तंभ तसाच न घालता हो-नाहीचे, म्हणजे 1 आणि 0 चे, तीन स्तंभ करतात. चौथा गट तुलनेचा आधार ठरतो. वस्तीबद्दल सांगायचं तर टक्केवारी सांगावी, किंवा सर्वांत मोठा गट. तो दोन्ही पद्धतींत इतर मागास वर्गच राहतो.

उत्पन्नाची गोष्ट उलटी. रुपये गुणोत्तर पातळीवरचे. महिना 20 हजार हे 10 हजारांच्या दुप्पटच. पण लोक आकडा सांगायला कचरतात म्हणून प्रश्नावलीत गट येतात: दहा हजारांपर्यंत, दहा ते पंचवीस, पंचवीस ते पन्नास, पन्नासच्या वर. इथेच आपण आपल्या हातानं क्रमदर्शक पातळीवर उतरतो. एका गावात सगळे दुसऱ्या गटात, दुसऱ्यात निम्मे पहिल्या आणि निम्मे तिसऱ्या गटात. संकेतांकांची सरासरी दोन्हीकडे 2. प्रत्यक्षात पहिल्या गावात सगळे 15 हजार मिळवणारे असतील आणि दुसऱ्यात निम्मे 8, निम्मे 45 हजार, तर खरी सरासरी 15 आणि साडेसव्वीस हजार निघते. रुपयांचे गट नंतर केव्हाही पाडता येतात, गटांतून रुपये परत मिळत नाहीत. म्हणून आधी आकडा विचारावा आणि उत्तर नाहीच मिळालं तर गट पुढे करावेत. शेतकऱ्याला तर उत्पन्नाबरोबर खर्चही विचारावा लागतो. तोट्याच्या वर्षी हाती उरलेली रक्कम शून्याच्या खाली जाते आणि तिथे ‘दुप्पट’ची भाषा पुन्हा कोलमडते.

सगळ्यात निसरडी जागा अभिवृत्तीची. ‘आंतरजातीय लग्नाला माझी हरकत नाही’ या विधानावर पाच पर्याय: पूर्ण असहमतला 1, तिथून पूर्ण सहमतला 5. ही पद्धत रेन्सिस लिकर्ट यांची, 1932 ची. समजा, पाचही ज्येष्ठ ‘सहमत’ म्हणाले. तरुणांपैकी तिघं ‘पूर्ण सहमत’, दोघं ‘असहमत’. सरासरी ज्येष्ठांची 4, तरुणांची 3.8. म्हणजे ज्येष्ठ अधिक उदार? आता ‘पूर्ण सहमत’ला 5 ऐवजी 10 द्या. क्रम तोच, पण तरुण 6.8 वर आणि ज्येष्ठ 4 वरच. निकाल फिरला, कारण ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ यांतलं अंतर आपण गृहीत धरलं होतं, मोजलं नव्हतं. मध्यांक दोन्ही वेळा तरुणांनाच पुढे ठेवतो. पण पाचातल्या दोन तरुणांचा विरोध त्यातही दिसत नाही, म्हणून पर्यायवार टक्केवारी छापणं मला सर्वांत प्रामाणिक वाटतं.

लिकर्ट स्वतः एका विधानावर थांबले नव्हते. एकाच विषयाची अनेक विधानं घेऊन गुणांची बेरीज केली, की ती अंतराल पातळीच्या जवळ जाते असं मानून बरेच संशोधक सरासरी काढतात. सवलत म्हणून ते चालतं, पण विधानं खरोखर एकाच वृत्तीबद्दल हवीत आणि ‘लग्न जातीतच व्हावं’ अशा उलट्या विधानाचे गुण बेरजेआधी उलटवायला हवेत. ते राहिलं, तर कडवा विरोधक आणि खंदा समर्थक दोघांची बेरीज मधोमध येऊन पडते.