ना पुण्यात, ना कोल्हापुरात

समजा, पंख्यांच्या एका व्यापाऱ्याचं मोठं गोडाऊन पुण्यात आहे आणि शाखा कोल्हापुरात. उन्हाळ्याच्या तोंडावर शाखेने 60 पंखे मागवले. सोमवारी संध्याकाळी ट्रक निघाला, तो मंगळवारी सकाळी पोहोचणार. मग सोमवारच्या रात्री हे पंखे कुणाच्या खात्यात धरायचे?

पुण्याच्या खात्यात ठेवले, तर तिथला विक्रेता नसलेला माल गिऱ्हाइकाला कबूल करून बसतो. कोल्हापूरच्या खात्यात टाकले, तर शाखा न आलेल्या मालाचं बिल फाडते. म्हणून हिशेबात 'इन-ट्रान्झिट' नावाचं एक कागदोपत्री गोडाऊन उघडतात. पुण्याने माल रवाना केल्याची नोंद केली की 60 पंखे पुण्यातून वजा होऊन या वाटेवरच्या गोडाऊनात जमा होतात. तिथून विक्री करता येत नाही. कोल्हापूरने पोच नोंदवली, की जेवढे मिळाले तेवढेच पंखे तिथून शाखेत येतात.

दोन्ही जागा महाराष्ट्रात आणि एकाच जीएसटी नोंदणीखाली असल्याने ही विक्री ठरत नाही. कर लागत नाही, डिलिव्हरी चलान पुरतं. त्याच्या तीन प्रती निघतात: एक माल घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक पाठवणाऱ्याची. पंखा 2,000 रुपयांचा धरला तर माल 1,20,000 रुपयांचा होतो. राज्यांतर्गत वाहतुकीसाठी महाराष्ट्रातली मर्यादा एक लाखाची, त्यामुळे ई-वे बिलही हवं. शाखा पणजीत असती तर गोष्ट वेगळी. तिथली नोंदणी दुसऱ्या राज्यातली, म्हणून मालक एकच असला तरी करासहित बीजक फाडावं लागतं.

मंगळवारी ट्रक आला. हमालांनी खोकी उतरवली, मोजली तर 56 भरली. त्यातलं एक पावसात भिजलेलं.

खरी कसोटी इथे लागते, कारण ड्रायव्हरला परतायची घाई असते आणि संगणकाच्या पडद्यावर 'मिळालेली संख्या' या रकान्यात आधीच 60 भरलेले दिसतात. बटण दाबलं की काम संपलं! पण ते दाबलं की चार पंख्यांची तूट कोल्हापूरच्या पोटात गेली. वर्षअखेरीच्या मोजणीत ती वर येते आणि बोट शाखेच्या गोडाऊन कीपरकडे जातं. दुसरी तितकीच वाईट सवय म्हणजे पुण्याला फोन करून चलानावर 60 चे 56 करायला सांगणं. हिशेब जुळतो, पण चार पंखे हरवल्याचा पुरावाच पुसला जातो.

योग्य रीत अशी. ड्रायव्हर समोर असतानाच बिल्टीवर 'चार खोकी कमी, एक भिजलेलं' असा शेरा लिहून त्याची सही घ्यायची. शेऱ्याविना सही केली, तर वाहतूकदार माल पूर्ण पोहोचवल्याचं सांगून मोकळा होतो. मग नोंद करायची: 55 पंखे विक्रीच्या साठ्यात, भिजलेला एक नादुरुस्त मालाच्या वेगळ्या खात्यात. उरलेले चार वाटेवरच्या गोडाऊनातच राहू द्यायचे.

ते तिथे दिसत राहतात, म्हणूनच कुणीतरी शोध घेतो. पुण्यातल्या लोडिंगच्या फलाटावर दोन खोकी ट्रकमध्ये चढायची राहून गेलेली सापडली. ती वाटेवरून पुण्याच्या खात्यात परत घेतली. बाकीची दोन मात्र गायब. त्यांचे 4,000 रुपये वाहतूकदाराकडे मागायचे. रस्ता वाहतुकीच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे माल बुक केल्यापासून 180 दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. पैसे आले नाहीत तर तोटा लिहायचा. पंखे खरंच हरवले असतील, तर ते विकत घेताना मिळालेली कराची वजावटही परत करावी लागते.

माल जास्त आला तर शाखेने परस्पर 'वाढावा' दाखवू नये, पुण्याने वाढीव माल रवाना केल्याची नोंद करावी. नाहीतर पुण्याच्या साठ्यात तेवढीच न उलगडणारी तूट उरते. रंगाची अदलाबदल आणखी फसवी. पाच पांढरे जास्त आणि पाच तपकिरी कमी आले तर एकूण आकडा बरोबर दिसतो, म्हणून मोजणी प्रकारवार हवी.

ही खाती तुंबलीत का, हे ओळखायला वाटेवरच्या मालाचं वय बघावं. पुणे–कोल्हापूर प्रवास एका रात्रीचा असेल, तर पंधरा दिवस 'वाटेत' असलेला पंखा खरं तर वाटेत नाहीच. एकतर पोच नोंदवायची राहिली आहे, नाहीतर फरकाचा निकाल लावलेला नाही.

मार्चअखेरीला याचं महत्त्व अचानक वाढतं. ट्रक 31 तारखेला संध्याकाळी निघून 1 एप्रिलला पोहोचला आणि वाटेवरचं खातं नसलं, तर 1,20,000 रुपयांचा माल दोन्हीकडच्या साठ्यातून गळतो. मालकी मात्र व्यापाऱ्याचीच असते. काही शाखा 31 मार्चच्या तारखेने पोच टाकून हे भोक बुजवतात, पण मग त्या दिवशीच्या मोजणीत ते पंखे दाखवता येत नाहीत. वाटेवरच्या खात्यात 60 पंखे असतील, तर ऑडिटरला चलान, बिल्टी आणि 1 एप्रिलची पोच दाखवली की काम भागतं.