पैसे किती महिने पुरतील?

स्टार्टअपमध्ये पैसे घातलेल्यांना संस्थापक दरमहा एक ई-मेल पाठवतो. पानभराचा मजकूर, आणि सुरुवात आकड्यांनी. हालहवाल, शुभेच्छा सगळे नंतर.

समजा, पुण्यातली एक कंपनी गृहनिर्माण सोसायट्यांना हिशेबाचे सॉफ्टवेअर देते, प्रत्येकी महिना 1,500 रुपयांना. ऑक्टोबरच्या पत्राची पहिली ओळ अशी हवी: बँकेत 84 लाख, दरमहा निव्वळ खर्च 12 लाख, म्हणजे पैसे 7 महिने पुरतील. वाचणारा आधी हेच शोधतो, कारण नवी गुंतवणूक उभी करण्यातच कित्येक महिने जातात.

पुढे कमाई. पैसे भरणाऱ्या सोसायट्या 212, महिन्याचे उत्पन्न 3,18,000. इथे एक गफलत नेहमी होते. दहा सोसायट्यांनी वर्षाचे 18,000 आगाऊ भरले, तर बँकेत 1,80,000 येतात. पण त्यांतले या महिन्याचे फक्त 15,000. सगळी रक्कम एकाच महिन्यात धरली की उत्पन्न फुगते आणि पुढच्या महिन्यात आपटते. मोजायची पद्धत मध्येच बदलणे हेही तसलेच. ‘पैसे भरणाऱ्या’ सोसायट्यांच्या जागी अचानक ‘नोंदणी केलेल्या’ दिसू लागल्या, की मुरलेला गुंतवणूकदार काय ते ओळखतो.

चांगली बातमी दोन ओळींत आटोपावी: 14 नव्या सोसायट्या आल्या. पत्राचा खरा कस लागतो तो पुढच्या परिच्छेदात. त्याच महिन्यात 9 सोडून गेल्या, म्हणजे निव्वळ भर पाचाचीच. ‘बाजार थंड आहे’ असे लिहून भागत नाही. नऊही जणांना फोन केल्यावर कळले, की सप्टेंबरच्या वार्षिक सभेनंतर सहा ठिकाणी खजिनदार बदलला आणि नव्याने हिशेब पुन्हा ओळखीच्या अकाउंटंटकडे सोपवला. आता अडचणीला कारण मिळाले आणि उपायही: यापुढे खजिनदारासोबत सचिवालाही सॉफ्टवेअर शिकवायचे. तो लागू पडला का, हे पुढच्या पत्रात सांगायचे.

शेवटी मागणी. ‘काही ओळखी असतील तर कळवा’ या वाक्याला सहसा उत्तर येत नाही. कोणी काय करायचे तेच त्यात नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘ठाण्यात पन्नासहून अधिक सोसायट्यांचे व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाशी वीस मिनिटे बोलायचे आहे. कोणाची ओळख आहे का? पुढे पाठवायचा मजकूर खाली दिला आहे.’ अशा मागण्या दोन-तीनच असाव्यात. गेल्या महिन्यात ज्याने मदत केली, त्याचे नाव घेऊन आभार मानावेत. त्याने बाकीचेही हलतात.

आकडे पडलेल्या महिन्यात पत्र टाळायचा मोह होतो. पण पत्र आले नाही, की गुंतवणूकदार वाईटच धरून चालतो, आणि मदत मागायची वेळही निघून जाते. तेव्हा तारीख ठरवा आणि ती चुकवू नका.