ओवा-हिंग मोठ्यांसाठी, तान्ह्या लेकराला मात्र आईचं दूधच

फेब्रुवारी 2025 मध्ये आपल्या अमरावती जिल्ह्यातली एक बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली. मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यातील सिमोरी गावात 22 दिवसांचं लेकरू आजारी पडलं, तेव्हा तापवलेल्या विळ्याने त्याच्या पोटावर 65 चटके देण्यात आले. त्या भागात याला डंबा म्हणतात. लेकराचं पोट फुगलं की डागायचं, ही जुनी समजूत आहे.

बातमी वाचून आपल्या वस्तीतल्या बायका म्हणतात, "बापा, आपण असं नाही करत." खरं आहे. पण 22 दिवसांच्या लेकराला चमच्याने ओव्याचं पाणी पाजणारी, बेंबीभोवती हिंगाचा लेप लावणारी घरं अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत भरपूर आहेत. चटका आणि चमचा यांत फार अंतर आहे, पण चूक एकच आहे. लेकराचं पोट का फुगलं हे न पाहता पोटावरच इलाज करायचा.

आधी मोठ्यांचं पाहू. आपल्या जेवणात तुरीचं वरण, झुणका, चण्याची डाळ. डाळींमधला काही भाग लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जंतू त्यापासून वायू तयार करतात. त्यामुळे पोट तडस लागल्यासारखं होतं. ओव्यात थायमॉल नावाचं तेल असतं. तोच ओव्याचा वास. आतड्याचा आखडलेला स्नायू त्याने सैल पडतो आणि अडकलेला वायू सुटतो.

चहाचा एक चमचा ओवा हातावर चुरडा, दीड कप पाण्यात टाका, वर झाकण ठेवून एक कप उरेपर्यंत मंद उकळा. झाकण नसेल तर तेल वाफेसोबत उडून जातं आणि उरतं फक्त कडू पाणी. गाळून कोमट झाल्यावर जेवणानंतर घोट घोट प्या. दिवसातून दोन वेळा पुरे. हिंग घ्यायचा तर मुगाच्या डाळीएवढा, कोमट पाण्यात किंवा ताकात विरघळवून. डबीतला हिंग बहुतेक पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, म्हणून गुण आला नाही की लोक चमचा वाढवत जातात. तसं करू नका. बीपीच्या माणसाने त्यात काळं मीठ घालू नये. छातीत जळजळ किंवा अल्सर असेल तर ओव्याने आग वाढते. गरोदर बाईने भाजीच्या फोडणीपेक्षा जास्त ओवा-हिंग घेऊ नये, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिंगाचं पाणी नको.

तीन दिवसांत फरक पडला नाही तर दवाखाना गाठा. छाती दाबल्यासारखी होते, घाम फुटतो, कळ हातात किंवा जबड्यात जाते, तर तो गॅस समजून ओवा उकळत बसू नका. हार्ट अटॅक असू शकतो. पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद झाले, उलट्या होतात किंवा शौच डांबरासारखं काळं आहे, तरीही त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आता तान्हं लेकरू. आजी म्हणते, "आमी सारे ओव्याच्या पाण्यावरच मोठे झालो." आजीचा हेतू चांगलाच असतो. पण लेकरू म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. पहिल्या दिवशी त्याच्या पोटात चमचा-दीड चमचाच दूध मावतं, ते हळूहळू वाढतं. तिथे पाणी भरलं की तेवढं दूध कमी जातं. त्याची किडनीही कच्ची असते, जास्तीचं पाणी बाहेर टाकता येत नाही. रक्तातलं मीठ पातळ होतं आणि लेकराला झटके येऊ शकतात. म्हणून सहा महिने फक्त आईचं दूध. उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी नको.

हिंगाचा धोका वेगळा आहे. नवजात लेकराच्या रक्तातला लाल पदार्थ मोठ्यांपेक्षा लवकर बिघडतो आणि बिघडला की तो प्राणवायू वाहू शकत नाही. अमेरिकेत पोटदुखीसाठी हिंगाचं औषध दिलेल्या पाच आठवड्यांच्या बाळाला असंच झालं. त्याची नोंद 1984 मध्ये वैद्यकीय मासिकात झाली. अशा बाळाचे ओठ निळसर-राखाडी दिसतात. बेंबीवरचा लेपही नको. कोवळी कातडी त्याने सोलते आणि नाळ पडली नसेल तर जंतू आत शिरतात.

मग रडणाऱ्या लेकराचं करायचं काय? समजा लेकरू दीड महिन्याचं आहे. संध्याकाळी दोन-तीन तास रडतं, पाय पोटाशी घेतं, वारा सरला की शांत होतं. दूध चांगलं पितं, वजन वाढतं, दिवसातून सहा वेळा लघवी करतं. हा आजार नाही. असं रडणं दोन-तीन आठवड्यांनंतर सुरू होतं, दीड महिन्याच्या सुमारास वाढतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप थांबतं. पाजताना नुसतं स्तनाग्र नाही, भोवतीचा काळा भागही लेकराच्या तोंडात जाऊ द्या, म्हणजे ते हवा कमी गिळेल. पाजून झाल्यावर खांद्यावर उभं धरून पाठीवर हलका हात फिरवा, ढेकर येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं. पोटावर घड्याळाच्या दिशेने हात फिरवा, सायकलसारखे पाय हलवा. एक महिन्यानंतर अंगावर पिणारं लेकरू दोन-चार दिवस शौचाला गेलं नाही, पण शौच मऊ असेल आणि पोट सैल असेल, तर घाबरू नका.

आता दुसरं लेकरू, वीस दिवसांचं. सकाळपासून अंगावर पीत नाही, पोट फुगलेलं आहे, श्वासासोबत वरखाली होतं. घरच्यांना पोट दिसतं, पण आजार बहुतेक वेळा छातीत किंवा रक्तात असतो. न्यूमोनियात लेकरू जोरात श्वास घेतं, हवा गिळतं आणि पोट फुगतं. डंबा देणाऱ्यालाही हेच फुगलेलं पोट दिसतं. लेकरू शांत असताना पोटाकडे पाहून घड्याळात पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या लेकराचे 60 किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर थांबू नका.

आणखी खुणा: हिरवी उलटी, दगडासारखं घट्ट पोट, शौचात रक्त, ताप किंवा अंग थंडगार, छाती आत ओढली जाणे, कण्हणे, मलूल पडणे, ओठ निळे होणे, झटका येणे, जन्मानंतर चोवीस तासांत शौच न होणे. यांपैकी एक जरी दिसली तरी 108 ला फोन करा. अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग, ही जिल्हा स्त्री रुग्णालयं आहेत. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचा उपचार आणि नेण्या-आणण्याचा खर्च सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा योजनेत मोफत आहे. वाटेत लेकराला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरा, वरून कपडा पांघरा आणि ते पीत असेल तर पाजत राहा.

दवाखान्यात झालेल्या बाळंतपणानंतर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. ती आली की आजीलाही जवळ बसवा आणि श्वास कसा मोजायचा ते आजीलाच शिकायला सांगा. लेकराजवळ जास्त वेळ आजीच असते. आणि ओव्याचा उकळलेला कप आजीलाच द्या. वरणानंतर तिलाच त्याचा गुण येईल.