सोमवारच्या डॅशबोर्डवर गुरुवारचे आकडे

एका घाऊक व्यापाऱ्याची विक्रीची नोंद ऑफिसमधल्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये होते आणि मालक ती मोबाइलवर पॉवर बीआयच्या डॅशबोर्डमध्ये बघतात. रिफ्रेश रोज सकाळी ६ आणि रात्री ९ ला लावलेला आहे. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस बंद करताना शिपायाने कोपऱ्यातला एक संगणकही बंद केला. त्यावर कोणी काम करत नव्हतं, त्यामुळे त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. पण गेटवे त्याच संगणकावर होता.

वेळापत्रक मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये असतं, माहिती मात्र ऑफिसात. क्लाउड बाहेरून थेट ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरू शकत नाही. म्हणून गेटवे नावाचा छोटा प्रोग्राम आतूनच क्लाउडशी जोडणी करतो आणि ती धरून ठेवतो. सहा वाजले की क्लाउड त्या जोडणीवरून मागणी पाठवतो, गेटवे सर्व्हरला विचारून उत्तर वर धाडतो. सर्व्हरचा पासवर्ड क्लाउडमध्ये कुलूपबंद असतो आणि तो उलगडायची किल्ली गेटवेकडे. संगणकच बंद म्हटल्यावर मागणी घ्यायलाच कोणी नाही, आणि क्लाउड काही त्याला उठवून सुरू करू शकत नाही.

गंमत अशी की डॅशबोर्ड कोरा पडत नाही. माहिती क्लाउडमध्ये आणून ठेवलेली असेल, तर मागच्या यशस्वी रिफ्रेशचे आकडे तसेच ठणठणीत दिसत राहतात. आमच्या मते खरा धोका हाच.

आता या ऑफिसचा हिशेब बघा. शुक्रवार रात्र, शनिवार सकाळ, शनिवार रात्र, रविवार सकाळ: सलग चार रिफ्रेश फसले. चौथ्यानंतर पॉवर बीआय वेळापत्रकच बंद करून टाकतं. सोमवारी संगणक सुरू झाला, गेटवे जोडला गेला, तरी आकडे शुक्रवार सकाळचे, म्हणजे विक्री गुरुवारपर्यंतचीच! बिघाडाची मेल गेली होती, पण डॅशबोर्ड बनवणाऱ्याला. तो वर्षापूर्वीच नोकरी सोडून गेलेला.

अशा वेळी सिमँटिक मॉडेलच्या सेटिंगमध्ये Refresh history उघडावी. गेटवे ऑफलाइन असल्याचा संदेश दिसला, की आधी तो संगणक गाठावा. तो सुरू झाल्यावर वेळापत्रक हाताने पुन्हा चालू करून एकदा Refresh now दाबावं.

नुसता स्क्रीन काळा झाला तर काही बिघडत नाही, संगणक स्लीपमध्ये गेला तर मात्र बंद असल्यासारखाच. म्हणून पॉवर सेटिंगमध्ये स्लीप Never ठेवावं, आणि लॅपटॉपवर गेटवे बसवूच नये. गेटवेचा ‘पर्सनल’ प्रकार असेल तर संगणक चालू असून भागत नाही, तिथे लॉग-इनही लागतं. नेहमीचा प्रकार विंडोजची सेवा म्हणून लॉग-इनशिवाय चालतो. दुसऱ्या संगणकावर त्याच गेटवेची जोडी बसवता येते. तेवढा खर्च नको असेल, तर निदान त्या संगणकावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी तरी चिकटवा.